बिल अडकलंय कुठे?

थकलेल्या बिलासाठी फोन केला की समोरून ठरलेलं उत्तर येतं : "प्रोसेसमध्ये आहे." हे सांगणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. बिल नेमकं कोणाच्या टेबलावर आहे हे त्यालाही ठाऊक नसतं आणि ते शोधत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. आठवड्याने आपण परत फोन करतो, परत तेच ऐकतो. मग कधीतरी आवाज चढतो, एखादा शब्द जास्त जातो, आणि पैसे अजून तिकडेच असताना संबंध मात्र बिघडलेले असतात.

लघुउद्योगांचे हिशेब पाहता पाहता माझं एक मत पक्कं झालं आहे. मोठ्या कंपनीकडे रखडलेल्या दहा बिलांमधली फार थोडी बिलं पैसे द्यायचेच नाहीत म्हणून रखडलेली असतात. बाकीची कुठल्या तरी कागदापाशी अडकलेली असतात. तो कागद सापडेपर्यंत केलेली ओरड चुकीच्या दारावर केलेली असते, आणि आपला राग झेलणारा माणूस बहुधा तोच असतो, ज्याने आपल्याला काम मिळवून दिलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. यातला माणूस कोणी एक नाही आणि आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत, पण भोसरी-चाकण पट्ट्यात कोणालाही विचारा, असं प्रकरण त्याच्या ओळखीचं निघेल.

भोसरीत कन्व्हेअर दुरुस्तीची कामं करणारा एक उद्योजक आहे. स्वतःच्या नावावरची प्रोप्रायटरशिप, हाताखाली सहा-सात कारागीर. चाकणच्या एका कंपनीचं काम तो बरीच वर्षं करतो आणि त्याच्या वर्षाच्या उलाढालीतला मोठा वाटा याच कंपनीकडून येतो. मे महिन्याच्या अखेरीस कंपनीचा शटडाऊन होता. लाइन बंद असतानाच्या त्या आठवड्यात कन्व्हेअरचे रोलर आणि चेन बदलण्याचा चार लाखांचा पीओ, म्हणजे खरेदी आदेश, त्याला मिळाला. लाइन उघडली तेव्हा ड्राइव्ह शाफ्ट आणि दोन बेअरिंग हाउसिंगही गेलेली निघाली. रात्रपाळीचा इंजिनिअर म्हणाला, "करून टाका भाऊ, सोमवारी लाइन चालू झाली पाहिजे. पीओचं नंतर बघू." साठ हजारांचं जादा काम झालं, सोमवारी लाइन चालू झाली, सगळे खूश. २ जूनला बिल गेलं : काम ४,६०,००० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी ८२,८००, एकूण ५,४२,८००. पीओवर मुदत ४५ दिवसांची, म्हणजे १७ जुलैपर्यंत पैसे यायला हवे होते.

नोव्हेंबर उजाडला तरी पैसे आले नव्हते. जूनच्या बिलावरचा ८२,८०० रुपये जीएसटी मात्र त्याने जुलैच्या वीस तारखेच्या आत स्वतःच्या खिशातून सरकारला भरून टाकला होता. उधारीवर धंदा करणाऱ्याला ही दुहेरी मार ठरलेली असते : पैसे आलेले नसतात आणि त्यावरचा कर भरून झालेला असतो.

आता या माणसाने काय करायचं? फोन करण्याआधी घरबसल्या एक गोष्ट तपासता येते, आणि ती फार थोडे जण तपासतात. आयकराच्या संकेतस्थळावर आपला फॉर्म २६एएस उघडून बघायचा. आपल्या पॅनवर कोणी किती टीडीएस कापून भरला, त्याची नोंद तिथे असते. कंत्राटी कामाच्या पैशांतून टीडीएस कापण्याचा नियम असा की पैसे देताना किंवा रक्कम आपल्या खात्यात जमा दाखवताना, यांतलं जे आधी होईल तेव्हा कर कापायचा. म्हणजे कंपनीने पैसे दिलेले नसले तरी बिल तिच्या वहीत चढलं की टीडीएस कापला जातो आणि तिमाहीचं विवरणपत्र भरलं की तो आपल्याला दिसतो. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचं विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हा फॉर्म बरंच काही सांगून जातो.

नोंद दिसली, तर कंपनीने बिल मान्य करून वहीत घेतलं आहे. मग अडचण रोखीची आहे किंवा पेमेंटच्या रांगेची. नोंद नसेल, तर बिल वहीपर्यंत पोचलेलंच नाही. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत. आपल्या भोसरीकराला याच कंपनीच्या मधल्या काळातल्या दोन छोट्या बिलांचा टीडीएस दिसला. जूनच्या मोठ्या बिलाचा मागमूस नव्हता. चार महिने तो ज्या पेमेंटसाठी फोन करत होता, ते पेमेंट रांगेत उभंच नव्हतं.

त्यानंतरचा फोन त्याने वेगळ्या माणसाला केला आणि वेगळा प्रश्न विचारला. आजवर तो परचेसमधल्या साहेबांना विचारायचा, "साहेब, पैसे कधी?" या वेळी अकाउंट्समध्ये बिलं बुक करणाऱ्या मुलीशी बोलला.

"ताई, एक मदत हवी होती. आमच्या खात्याचा एप्रिलपासूनचा लेजर पाठवाल का? आमच्या वहीशी जुळवून घ्यायचा आहे."

लेजर मागण्यात कोणावरही आरोप नसतो. ते अकाउंट्सचं रोजचं काम आहे, त्याला नाही म्हणायला कारण लागतं. पैसे मागितले की समोरचा बचावाला उभा राहतो. खातं जुळवायचं म्हटलं की दोघं एकाच बाजूला बसतात. संध्याकाळी लेजर आला. त्यात २ जूनचं बिल नव्हतं. त्याने बिलाची प्रत आणि कंपनीच्या गेटवरचा इनवर्डचा शिक्का असलेला कागद जोडून तिला विचारलं, हे बिल कशासाठी थांबलंय ते सिस्टिममध्ये दिसतंय का? दहा मिनिटांत उत्तर आलं : "सर, पीओ चार लाखांचा आहे, बिल चार साठचं. सिस्टिम घेत नाही. आणि युजर डिपार्टमेंटने सर्व्हिस एंट्री केलेली नाही."

इथे थोडं थांबायला हवं, कारण सेवा देणाऱ्यांची बिलं या जागी फार अडकतात. माल पुरवला तर स्टोअरवाले माल मोजून जीआरएन करतात, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. दुरुस्ती, देखभाल, डिझाइन, वाहतूक अशा कामात मोजायला वस्तू नसते. काम झाल्याची नोंद ज्या विभागासाठी ते झालं, त्या विभागाने करायची असते. त्यालाच सर्व्हिस एंट्री म्हणतात. पीओ, ही नोंद आणि बिल अशी तिन्ही कागदांची रक्कम जुळली की मगच बिल वहीत चढतं. आता तो विभाग उत्पादन काढण्यात गुंतलेला असतो. सोमवारी लाइन चालू झाली तिथेच त्याच्या लेखी काम संपलं. त्यातून रक्कम पीओपेक्षा जास्त असेल तर इंजिनिअर ती नोंद करूच शकत नाही, आणि साठ हजारांचं काम आपण तोंडी सांगितलं होतं हे वर जाऊन कबूल करायला तो नाखूश असतो. अकाउंट्सवाले बिल बाजूला ठेवतात. कळवायचं कोणी, हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

एवढं कळल्यावर मागणी बदलते. "माझे पैसे द्या" याच्या जागी आता एक नेमका कागद मागायचा असतो : साठ हजारांची पीओ दुरुस्ती, ज्याला तिकडे अमेंडमेंट म्हणतात. ती परचेस काढतं, पण त्याआधी युजर विभागाने जादा काम झाल्याचं लेखी द्यावं लागतं. पहिली भेट म्हणून रात्रपाळीच्या त्या इंजिनिअरची घ्यायची, आणि ती त्याच्या वरिष्ठाला कळण्याआधी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्याला वगळून थेट प्लांट हेडला मेल टाकला असता, तर कागद कदाचित आठ दिवसांत झाला असता, पण पुढच्या शटडाऊनला त्या इंजिनिअरने दुसऱ्याला बोलावलं असतं. डोक्यावरून जायची वेळ येतेही. तेव्हासुद्धा आधी त्या माणसाला सांगून जावं : "माझ्या हातात आता दुसरं काही नाही, शुक्रवारी मी साहेबांना मेल करणार आहे, तुमच्या कानावर घालतो." पुष्कळदा त्या शुक्रवारच्या आतच काम होतं.

इंजिनिअर म्हणाला, "माझ्याकडे काय पुरावा आहे? मी वर काय दाखवू?" उद्योजकाकडे त्या रात्रीचं जॉब कार्ड होतं. बदललेल्या भागांची यादी, तुटलेल्या शाफ्टचा फोटो आणि खाली त्याच इंजिनिअरची सही. त्यावरून त्याने टिपणाचा मसुदा स्वतःच तयार करून दिला. जादा काम का लागलं, ते तेव्हा केलं नसतं तर लाइन किती वेळ बंद राहिली असती, कोणते भाग बदलले, हे सगळं आठ-दहा ओळींत. इंजिनिअरला आपल्या मेलमध्ये चिकटवून पुढे पाठवायचं एवढंच काम उरलं. समोरच्या माणसाला जेवढं कमी लिहावं लागतं तेवढी आपली फाइल लवकर हलते. याला लाचारी म्हणणारे भेटतात. मला तो साधा व्यवहार वाटतो.

परचेसने घासाघीस केली. जादा कामाचे दर आधी ठरलेले नव्हते, त्यामुळे साठ हजारांऐवजी ४८ हजार मान्य झाले. बारा हजार सोडायचे की भांडायचे? मजुरीचा दर कागदावर नव्हता, त्यामुळे इथे त्याची बाजू कच्ची होती. त्याने १२,००० आणि त्यावरचा २,१६० रुपये जीएसटी मिळून १४,१६० रुपयांची क्रेडिट नोट दिली. भरलेल्या जीएसटीतला तेवढा भाग क्रेडिट नोटमुळे पुढच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, अट एवढीच की ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरच्या आत दाखवलं पाहिजे. ४,४८,००० रुपयांवर एक टक्का टीडीएस, म्हणजे ४,४८० रुपये कापून हातात येणारी रक्कम झाली ५,२४,१६०. हा आकडा आधी काढून ठेवलेला बरा. पैसे आले की "कमी का आले?" हा नवा वाद मग होत नाही.

अमेंडमेंट निघायला तीन आठवडे गेले. त्या काळात त्याने पैशाचं नाव काढलं नाही, दर सोमवारी फक्त कागद कुठवर आला एवढं विचारलं. डिसेंबरच्या मध्याला बिल बुक झालं. मग त्याने ताईंना विचारलं, "पेमेंट रन कधी असतो?" बहुतेक कंपन्या रोज पैसे सोडत नाहीत, महिन्यातल्या ठरावीक तारखांना एकगठ्ठा सोडतात. इथे त्या दहा आणि पंचवीस होत्या. मात्र सिस्टिम नव्याने बुक झालेल्या बिलाला बुकिंगच्या तारखेपासून ४५ दिवस मोजत होती, म्हणजे पैसे थेट फेब्रुवारीत. कायदा कामाला आला तो या टप्प्यावर.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. हे दिवस बिल बुक झाल्यापासून मोजायचे नसतात. काम स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजायचे असतात, आणि काम झाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते झालं त्याच दिवशी स्वीकारलं असं धरलं जातं. इथे हरकतीचं एकही पत्र नव्हतं. मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर हे साडेसोळा टक्के होतात. आपल्या उदाहरणात जुलैच्या मध्यापासून २५ डिसेंबरपर्यंत एकोणचाळीस हजारांच्या आसपास.

हा आकडा तोंडावर फेकला तर भांडण होतं. त्याने तो शेवटच्या ओळीत ठेवला. मेल असा होता : "पीओ दुरुस्तीबद्दल आभार. बिल आता जुळलं आहे. काम मे महिन्यात पूर्ण होऊन स्वीकारलं गेल्यामुळे मुदत जुलैमध्येच संपली आहे, तरी हे बिल २५ डिसेंबरच्या रनमध्ये घ्यावं ही विनंती. आमचा उद्यम क्रमांक बिलावर आहे. कायद्याप्रमाणे लागणाऱ्या व्याजाची मागणी आम्ही आज करत नाही. पैसे पंचवीस तारखेला मिळाले तर ती करण्याचा आमचा विचार नाही." व्याज सोडलं असं त्याने कुठेही लिहिलं नाही. पैसे आधी आणि सवलत नंतर, हा क्रम उलटा झाला की हातातलं एकुलतं एक नाणं फुकट खर्च होतं.

या मेलमधला उद्यम क्रमांक महत्त्वाचा आहे. पैशांच्या मुदतीचं हे संरक्षण उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. मध्यम उद्योगांना ते नाही. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, थकबाकीसाठी उपयोगाची नाही. काम घेण्याआधीच नोंदणी असावी आणि क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. मागाहून नोंदणी करून जुन्या बिलावर हक्क सांगायला गेलं की पहिला वाद तिथेच उभा राहतो.

कंपनीच्या अकाउंट्सला हा क्रमांक दिसला की सावध व्हायची सवय लागली ती खरी आयकरामुळे. २०२३च्या वित्त कायद्याने आणलेल्या, ४३बी(एच) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीमुळे लघुउद्योगाला मुदतीत न दिलेली रक्कम वर्षअखेर थकलेली असेल तर त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी ती धरायची. साडेचार लाखांचं बिल असं अडकलं तर पंचवीस टक्क्यांच्या घरात कर भरणाऱ्या कंपनीला लाखाहून जास्त कर एक वर्ष आधी भरावा लागतो. शिवाय ४५ दिवसांवरची अशी देणी कंपन्यांना सहामाही विवरणपत्रात कंपनी निबंधकाला कळवावी लागतात. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चच्या सुरुवातीला पाठवलेलं साधं स्मरणपत्र एरवीच्या दहा फोनांपेक्षा जास्त काम करतं. त्या दिवसांत फायनान्सचे साहेब स्वतःच अशी यादी मागवत असतात. याची उलट बाजूही ऐकू येते. काही खरेदीदार लघुउद्योगांना म्हणतात, तुमची नोंदणी रद्द करा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ. अशा गिऱ्हाइकाचं वर्षअखेरचं येणं आधीच वाढवून ठेवू नये, एवढंच त्यावर म्हणता येईल.

आता दुसरा प्रकार. २६एएसमध्ये नोंद आहे, बिल बुक आहे, तरी पैसे नाहीत. इथे वेगळी तारीख कामाची ठरते. जीएसटीचा नियम सांगतो की खरेदीदाराने बिलावरच्या कराची वजावट घेतली आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर ती वजावट व्याजासह परत करायची. पैसे दिल्यावर ती पुन्हा मिळते. दीडशे दिवस झाले की अकाउंट्सला एका ओळीचा मेल करावा : "या बिलाला अमुक तारखेला १८० दिवस होत आहेत, आपल्या जीएसटीच्या नोंदीसाठी कळवतो." मेल त्यांच्या फायद्याचा आहे, म्हणून वाईटही वाटत नाही. आपल्या भोसरीकराला ही किल्ली उपयोगाची नव्हती, कारण बिल वहीतच नव्हतं आणि वजावट कोणी घेतलीच नव्हती. कुठली तारीख कुठल्या बिलाला लागते हे न पाहता धमकीवजा मेल टाकणाऱ्याला अकाउंट्सवाले दोन मिनिटांत ओळखतात.

बिल बुक होऊनही हे सगळं करून पैसे येत नसतील, तर कंपनीकडे रोख नाही ही शक्यता धरावी लागते. ते ओळखायच्या खुणा आहेत. पेमेंट रनच्या तारखा सरकू लागतात, बिलाशी न जुळणाऱ्या गोल रकमा खात्यात पडू लागतात, अकाउंट्समधला ओळखीचा माणूस नोकरी सोडून जातो, गेटवरचा सिक्युरिटीवाला पगार लांबल्याचं सांगतो. अशा वेळी एकरकमी मागण्यापेक्षा लेखी हप्ते बरे : जुन्या येण्याचे चार भाग, प्रत्येकाची तारीख, शक्य तर पुढच्या तारखांचे चेक. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, त्यानंतर पंधरा दिवस वाट पाहायची आणि पुढच्या महिन्याच्या आत तक्रार, हे वेळापत्रक चुकलं की चेकबाबतच्या कायद्याचा धाक गेला. त्या वाटेला कोणी जाऊ नये, पण समोरच्याला आपल्याला ते वेळापत्रक माहीत आहे हे कळलेलं असावं.

आणि नवं काम? ते सरसकट बंद केलं की नातं तुटतं, उधारीवर चालू ठेवलं की खड्डा वाढतो. नवं काम आगाऊ रकमेवर घ्यावं आणि कारण खरं सांगावं. ते कारण बँकेकडे तयार असतं. कॅश क्रेडिटची मर्यादा ठरवताना बँका साधारणपणे नव्वद दिवसांपुढची येणी मोजतच नाहीत. पाच लाखांचं येणं नव्वदीपार गेलं की आपल्याला उचलता येणारी रक्कम त्या हिशेबाने घटते. "साहेब, तुमच्यावर विश्वास आहेच, पण जुनी येणी बँक धरत नाही. पुढच्या कामाला मटेरियलपुरती आगाऊ रक्कम लागेल." या वाक्याने कोणाचा मान जात नाही, कारण त्यातला अक्षर न् अक्षर खरा आहे.

एक कागद दरवर्षी एप्रिलमध्ये न चुकता घ्यावा : ३१ मार्चच्या शिलकेला दुजोरा देणारं पत्र, ज्याला सगळे बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतात. ऑडिटसाठी ते सगळेच मागतात, त्यामुळे कोणी भुवया उंचावत नाही. पण थकलेलं येणं कोर्टातून मागायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून देणं मान्य केलं तर त्या दिवसापासून ती नव्याने सुरू होते. गोडीत चाललेल्या वसुलीत दोन-तीन वर्षं कशी जातात कळत नाही. ही सही नसेल तर आपला सगळा संयम शेवटी समोरच्याच्या पथ्यावर पडतो.

आणि शेवटचं दार. लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी राज्यांनी सुविधा परिषदा नेमल्या आहेत. केंद्राचं समाधान हे ऑनलाइन पोर्टल ऑक्टोबर २०१७मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिथली तक्रार वकिलाशिवायही नोंदवता येऊ लागली. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, तो फसला तर लवाद होतो. कायद्यात नव्वद दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात बराच जास्त काळ जातो. निकाल विरुद्ध गेलेल्या खरेदीदाराला तो कोर्टात फिरवून घ्यायचा असेल तर आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते, ही त्यातली खरी ताकद. तक्रार केली की संबंध संपतातच असं नाही. मोठ्या कंपनीत ती नोटीस लीगलकडे जाते, आणि ज्या अधिकाऱ्याला मनातून आपले पैसे द्यायचेच होते त्याच्या हातात वर दाखवायला कारण येतं. पण ती न सांगता टाकली की तोच अधिकारी तोंडघशी पडतो. पंधरा दिवस आधी तारखेसह लेखी कळवावं, मसुदा सोबत जोडावा, आणि त्या तारखेला खरंच दाखल करावी. एकदा दिलेली तारीख पाळली नाही तर पुढच्या मेलला कोणी उत्तर देत नाही.

भोसरीकराला तिथवर जावं लागलं नाही. २५ डिसेंबरच्या रनमध्ये ५,२४,१६० रुपये जमा झाले आणि व्याजाचा विषय पुन्हा निघाला नाही. जानेवारीत त्याच कंपनीने पुढच्या शटडाऊनचं कोटेशन मागितलं. त्यात त्याने दोन ओळी वाढवल्या : जादा कामाचा प्रति पाळी दर, आणि अशा कामाच्या पत्रकावर त्याच पाळीत इंजिनिअरची सही. परचेसने दरावर पाच टक्के कमी करून घेतले, सहीची ओळ तशीच राहू दिली.